पावसाने किती खाल्लं?

फिल्म दूध संघाच्या सुवर्णमहोत्सवात दाखवली गेली. मांडव भरलेला होता. टाळ्या झाल्या आणि चेअरमनसाहेबांनी स्टेजवरून आमच्या टीमचं नाव घेतलं. त्यानंतर अकराव्या दिवशी अकाउंटंटने हिशेबाचा कागद समोर ठेवला. आठ लाखांच्या (जीएसटी वेगळा) कामात आमच्या हातात उरले होते सहा हजार रुपये.

अंदाज होता एक लाख साठ हजारांचा. तिघा भागीदारांचा दोन-तीन महिन्यांचा घरखर्च त्यावरच निघायचा होता. आमचं पुण्यातलं युनिट छोटं आहे. एक दिग्दर्शक, एक कॅमेरामन आणि मी. मी बजेट, कॉल शीट, गाड्या, जेवण, व्हाउचर हे सगळं सांभाळते, म्हणजे लाइन प्रोड्यूसर. त्यामुळे कागद पाहिल्यावर दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर. बाहेर पाऊस पडत होता. दिग्दर्शक म्हणाला, “पावसाने मारलं आपल्याला.” कॅमेरामनचंही तेच मत. मलाही ते पटलं, कारण ओल्या चिखलात रुतलेला लाइटचा टेम्पो अजून डोळ्यांसमोर होता.

पावसावर ढकलायला मजा येते, तो उलटून बोलत नाही. पण पुढच्या महिन्यात आणखी एका संस्थेला कोटेशन द्यायचं होतं आणि त्यात ‘पाऊस’ असा रकाना घालता येत नाही. म्हणून आम्ही झालेली फिल्म पुन्हा उघडून बसलो. या वेळी पडद्यावर काय दिसतं यासाठी नाही, तर तिच्यामागे कुठला तास कुठे गेला हे शोधण्यासाठी. मोठ्या निर्मितीसंस्थांत हे काम रीतसर होतं. आमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये फिल्म दिली की सगळे पुढच्या कामाला लागतात आणि मागच्या कामाबद्दलच्या गप्पा चहाच्या टपरीवर होतात. टपरीवर सगळ्यांचं एकमत होतं, तिथेच गडबड असते.

आधी आकडे सांगते, थोडेच आहेत. फिल्म बारा मिनिटांची. खर्चाचा अंदाज सहा लाख चाळीस हजार. प्रत्यक्षात झाला सात लाख चौऱ्याण्णव हजार. म्हणजे एक लाख चोपन्न हजार जास्त. पण हा आकडा फसवा आहे. अंदाजात चाळीस हजार रुपये अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले होते, तेही यात जिरले. शिवाय रेकीवर आठ हजार कमी खर्च झाले होते. रेकी म्हणजे शूटिंगच्या जागा आधी जाऊन पाहून येणं. राखीव रक्कम आणि ही बचत, दोन्ही बाजूला केल्यावर खरी गळती दिसली ती दोन लाख दोन हजारांची.

ती कुठल्या रकान्यांत होती हे कागदावर लगेच दिसलं. शूटिंगला शहाऐंशी हजार जास्त, एडिटिंगला अठ्ठ्याहत्तर हजार जास्त. उरलेले अडतीस हजार व्हॉइस ओव्हर, ग्राफिक्स आणि प्रवासात विखुरले होते. कलरचा खर्च मात्र पैशालाही हलला नव्हता. इथे बहुतेक जण थांबतात. ‘एडिटिंग महाग पडलं, पुढच्या वेळी स्वस्त एडिटर बघू’ असं म्हणून वही मिटतात. आम्हीही जवळजवळ मिटली होती.

पण कुठलाही खर्च म्हणजे दर गुणिले प्रमाण. किराणा दुकानात बिल वाढलं तर साखर महागली की साखर जास्त आणली, हे आपण आधी बघतो. एडिटरचा दर, मशीन आणि रूम धरून, दिवसाला सहा हजार ठरला होता आणि शेवटपर्यंत तोच राहिला. दिवस मात्र दहाचे तेवीस झाले. पाच हजारांचा एडिटर घेतला असता तरी तेवीस दिवसांचे एक लाख पंधरा हजार झाले असते, साठ हजारांच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे दोष दरात नव्हताच, आणि दरासाठी घासाघीस करून काही सुटणार नव्हतं. प्रश्न असा होता की वरचे तेरा दिवस आले कुठून.

त्याचं उत्तर आठवणीतून मिळत नाही. आठवण शेवटच्या भांडणाला चिकटून असते. आम्ही पुरावे गोळा केले, आणि गंमत म्हणजे ते सगळे आमच्याकडेच पडून होते. कॉल शीट, म्हणजे कोणी किती वाजता कुठे पोचायचं याचा आदल्या रात्री काढलेला कागद. ड्रायव्हरची लॉगबुकं. जेवणाची व्हाउचरं. शूटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने आपोआप साठवलेल्या प्रती, ज्यांच्यावर तारीख आणि वेळ असते, त्यामुळे कुठल्या दिवशी काम झालं आणि कुठल्या दिवशी नाही ते मोजता येतं. आणि सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे खुद्द फुटेज.

आजचा कॅमेरा प्रत्येक क्लिपमध्ये ती कधी सुरू झाली ते नोंदवून ठेवतो. सगळ्या क्लिपा वेळेच्या क्रमाने लावल्या की दिवसाचा एक्स-रे निघतो. क्लिपा कुठे दाटीवाटीने आहेत, कुठे मोठी पोकळी आहे, ते दिसतं. पोकळी म्हणजे पंधरा-वीस माणसं पगारावर उभी आहेत आणि कॅमेरा बंद आहे. यात एक मेख असते, आम्हालाही ती लागली. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या म्हणण्यानुसार आम्ही पहिल्या दिवशी पहाटे एक वाजून चाळीस मिनिटांनी म्हशी शूट केल्या होत्या, त्याही लख्ख उन्हात. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर राहिलं होतं. साडेपाच तास मिळवल्यावर सात दहा झाले आणि म्हशी उजेडात आल्या. तेव्हापासून कॉल शीटच्या तळाशी ‘दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवणे’ अशी ओळ आहे. आणखी एक सावधगिरी: फाइल कॉपी करताना कॉम्प्युटर कधीकधी तिच्यावर कॉपीची तारीख चिकटवतो, म्हणून वेळ फोल्डरमधून न बघता क्लिपच्या आतल्या नोंदीतून बघावी.

आता पाऊस. ग्रुपवर ‘पाऊस, थांबलोय’ असे मेसेज आले त्या वेळा आणि क्लिपांमधल्या पोकळ्या शेजारीशेजारी मांडल्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटं आणि तिसऱ्या दिवशी तीस. तीन दिवसांत पावसाने आमची पन्नास मिनिटं खाल्ली होती.

कॅमेरामन बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

बाकीचं मग कोणी खाल्लं? पहिला दिवस घ्या. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळचं दूध सव्वासहा ते पावणेआठ येतं. किटल्या, रांग, फॅट मोजणारं यंत्र, वहीत नोंद घेणारा सचिव, हे सगळं त्या दीड तासातच. आमचा कॉल साडेपाचचा होता आणि पहिली क्लिप सात दहाची. हॉटेल ते गाव बावीस किलोमीटर. दिग्दर्शक रेकीला स्वतःच्या गाडीने गेला होता, त्याला पाऊण तासही लागला नव्हता. लाइटचा टेम्पो त्या रस्त्याने सव्वा तासात पोचला, मग सामान उतरवणं, केबल टाकणं. कॅमेरा सुरू झाला तोवर रांगेत आठ माणसं उरली होती. म्हणून संध्याकाळच्या संकलनाला पुन्हा उभं राहावं लागलं आणि पॅक-अप झालं सात पन्नासला. आमची शिफ्ट बारा तासांची ठरलेली, त्यापुढे ओव्हरटाइम. हा दिवस झाला चौदा तास वीस मिनिटांचा.

दुसरा दिवस याहून वाईट, आणि तो मला अजूनही टोचतो. डेअरीतलं पाऊच पॅकिंग, म्हणजे फिल्मचा सगळ्यांत देखणा भाग. पिशव्या धडधड पडताहेत, क्रेट सरकताहेत. कॉल सकाळी नऊचा. नऊला पोचलो तर पॅकिंग हॉल धुऊन स्वच्छ आणि शांत. घरोघर पहाटे पोचणारं दूध आदल्या संध्याकाळी आणि रात्री भरलं जातं, हे दूध संघातल्या शिपायालाही माहीत असतं. आम्हाला नव्हतं. रेकी दुपारी दोन वाजता झाली होती. मशीन बंद असताना मॅनेजरने ते दाखवलं आणि “शूटिंगच्या दिवशी चालू असेल, काळजी करू नका” म्हणाले. ते खोटं बोलले नव्हते. मशीन त्या दिवशी चालू झालंच, संध्याकाळी पाच वाजता. पॅक-अप रात्री बारा चाळीसला.

या दोन दिवसांचा ओव्हरटाइम सव्वीस हजार. पण खरा घोळ मधल्या वेळात झाला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात क्लिपांमध्ये पोकळी नव्हतीच, उलट गर्दी होती. रिकामा बसलेला कॅमेरामन हा धोकादायक प्राणी आहे. त्याने टँकर काढले, प्रयोगशाळा काढली, वासरं काढली, ड्रोन उडवून उसाची शेतं काढली. तीन तास वीस मिनिटांचं फुटेज. त्यातलं बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये चाळीस सेकंद वापरलं गेलं. एकूण पाच तासांचं फुटेज येईल असं धरलं होतं, ते अकरा तास वीस मिनिटं झालं. कारण मुलाखतींत दोन्ही कॅमेरे प्रश्नांच्या मधेही चालूच ठेवले होते. हे सगळं कुणाला तरी बघावं लागतं, नावं द्यावी लागतात, निवडावं लागतं. एडिटरचे चार दिवस त्यात गेले. चोवीस हजार.

म्हणजे शूटिंगच्या रकान्यातले सव्वीस हजार आणि एडिटिंगच्या रकान्यातले चोवीस हजार ही एकाच मुळाची दोन फळं. मूळ आहे एका अर्धवट रेकीत. कॅमेरामनचा रेकीचा दिवस वाचवून आम्ही आठ हजार रुपये कमावले होते. बजेटच्या कागदावर तो रकाना हिरव्या शाईत होता, शाबासकी मिळाल्यासारखा. आढावा घेताना जास्त झालेल्या खर्चाबरोबर कमी झालेला खर्चही तपासायला हवा, तो याचसाठी. तिथे काहीतरी न करता सोडलेलं असण्याची शक्यता असते.

इथून आम्ही रकाने मोडले आणि सगळा जादा खर्च कारणांप्रमाणे पुन्हा मांडला. त्याला एक अख्खी दुपार लागली. प्रत्येक जादा रकमेला एकच प्रश्न: हे टाळता यावं म्हणून कुठला निर्णय, कधी वेगळा घ्यायला हवा होता? उत्तर बहुतेक वेळा बिलाच्या तारखेच्या बरंच मागे सापडतं.

व्हॉइस ओव्हर बघा. निवेदकाला दोनदा बोलवावं लागलं, स्टुडिओसह चौदा हजार. का, तर संहितेत संस्थापक संचालकांपैकी एकाचं नाव राहिलं होतं आणि शीतकरण केंद्र सुरू झाल्याचं साल चुकलं होतं. संहिता एमडी साहेबांनी फोनवर मंजूर केली होती. “छान आहे, करा पुढे.” त्यांनी ती वाचली होती की ऐकली होती की नुसती उघडली होती, देव जाणे. चूक सापडली तेव्हा निवेदन रेकॉर्ड झालेलं, चित्र त्यावर बसवलेलं, आणि सालांची अ‍ॅनिमेशन पट्टी तयार. नाव घातल्यावर वाक्य लांबलं, वाक्य लांबल्यावर पुढचे शॉट सरकले, शॉट सरकल्यावर संगीताचे ठोके चुकले. एडिटिंगचे तीन दिवस, अठरा हजार. ग्राफिक्स पुन्हा, बारा हजार. दोन पानांवर एक सही घेतली नाही त्याची किंमत चव्वेचाळीस हजार, तीन वेगवेगळ्या रकान्यांत लपलेली. व्हॉइस ओव्हरच्या रकान्यात तर ती फक्त चौदा हजारांची, किरकोळ दिसत होती.

मग करेक्शनच्या फेऱ्या. करारात लिहिलं होतं ‘करेक्शनच्या दोन फेऱ्या’. झाल्या सहा. पण एक फेरी म्हणजे काय ते करारात नव्हतं. एमडी, जनसंपर्क अधिकारी, दोन संचालक आणि चेअरमनसाहेब, पाच जणांनी पाच वेळी फिल्म पाहिली आणि आपापल्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. तिसऱ्या खेपेला एकाने संस्थापकांचा जुना फोटो काढायला लावला, पाचव्या खेपेला दुसऱ्याने विचारलं, “संस्थापकांचा फोटो का नाही?” संघाच्या दृष्टीने प्रत्येकाने एकदाच सूचना दिली होती. त्यांचंही बरोबर आणि आमचंही बरोबर. सहा दिवस, छत्तीस हजार.

आणि शेवटची, सगळ्यांत मोठी रक्कम: चौथा दिवस. चेअरमनसाहेबांची मुलाखत तिसऱ्या दिवशी ठरली होती, ते ऐन वेळी मुंबईला गेले. दहा दिवसांनी अर्धं युनिट घेऊन पुन्हा जावं लागलं. साठ हजार शूटचे, बारा हजार प्रवास-मुक्कामाचे. मुलाखत पंचवीस मिनिटं चालली, फिल्ममध्ये तिची सव्वा मिनिटं आहेत. हा खर्च आमच्या चुकीने झाला नव्हता. पण तो आमच्या खिशातून गेला ती चूक मात्र आमचीच. त्या दिवशी संध्याकाळी एक ईमेल जायला हवा होता, की तारीख तुमच्याकडून बदलली आहे, नव्या दिवसाचा खर्च इतका, मान्यता द्या. मी तो लिहिला नाही, कारण चेअरमनसाहेबांना वाईट वाटेल असं मला वाटलं. उद्घाटनानंतर दोन महिन्यांनी हेच मागायला गेले असते तर हसले असते लोक.

बेरीज करून बघा. रेकीमुळे पन्नास, संहितेमुळे चव्वेचाळीस, फेऱ्यांमुळे छत्तीस, चौथ्या दिवसामुळे बहात्तर. दोन लाख दोन हजार. कुठेच पाऊस नाही.

असा आढावा घेताना माणसांचं काय होतं हेही सांगायला हवं, कारण आमची पहिली बैठक फसली होती. कामाबद्दल बोलण्याआधीच दिग्दर्शकाने एडिटरला “तेवीस दिवस कसे लागतात रे?” असं विचारलं. एडिटर गप्प झाला तो शेवटपर्यंत. दुसऱ्या बैठकीत आम्ही क्रम बदलला. आधी ठरलं काय होतं आणि झालं काय, हे फक्त कागदावरून वाचायचं, मग कारणं. अमेरिकी सैन्यात सरावानंतर घेतात त्या आढाव्याचा क्रमही साधारण हाच: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. ‘कोणी केलं’ हा प्रश्न त्या चारांत नाही.

पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांनी त्यांच्या स्टुडिओतल्या अशा बैठकांबद्दल लिहिलं आहे. माणसं तिथे गोड बोलून वेळ काढतात, हा त्यांचाही अनुभव. त्यावर त्यांचा एक तोडगा असा की प्रत्येक गटाने पुन्हा कराव्यात अशा पाच गोष्टी आणि पुन्हा करू नयेत अशा पाच गोष्टी लिहून आणायच्या. चांगल्याच्या आडोशाने वाईट बोलायला सोपं जातं. आम्ही ते उचललं, फक्त एक भर घातली: बैठकीच्या आदल्या दिवशी एकमेकांशी न बोलता लिहून माझ्याकडे पाठवायचं. एकाने मोठ्याने ‘पाऊस’ म्हटलं की सगळ्यांना पाऊसच आठवतो, हे कळून चुकलं होतं.

आणि आमच्या स्पॉटमामांना बोलावलं. ते नेहमी म्हणतात, “ताई, मला काय कळतंय त्यातलं.” त्यांच्या खिशातल्या डायरीत चहाचा हिशेब असतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या, नेहमी तीन होतात. त्यांनी एकच गोष्ट लिहून आणली होती: “डेअरीच्या वॉचमनने आदल्या दिवशीच सांगितलं होतं पॅकिंग रातीला असतं म्हणून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल.”

पुढच्या बजेटसाठी यातून काय घ्यायचं हा वेगळा प्रश्न आहे. प्रत्येक अपघातावर नियम काढत बसलं तर कॉल शीट पंचांगासारखी होईल. आम्ही एकच चाळणी लावली: हे आधीच्या कामांत झालं होतं का? मागची चार कामं काढली. एडिटिंगचे धरलेले आणि लागलेले दिवस असे निघाले: सहाचे नऊ, बाराचे एकोणीस, आठचे अकरा, दहाचे चौदा. आणि आता दहाचे तेवीस. एकदाही अंदाज बरोबर आला नव्हता, एकदाही कमी दिवस लागले नव्हते, आणि तरी प्रत्येक वेळी आम्ही ‘या वेळी आठ-दहा दिवसांत होईल’ असंच धरलं होतं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नियोजनाचा भ्रम म्हटलं. माणूस अंदाज बांधताना समोरच्या कामाच्या पायऱ्या मोजतो, आणि तशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला ते विसरतो. कानेमन यांची स्वतःची गोष्ट मजेची आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या गटात ते होते. सगळ्यांचा अंदाज दोन वर्षांच्या आसपासचा. मग त्यांनी गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं की अशा इतर गटांना किती वेळ लागला होता. तो विचारात पडला आणि म्हणाला, बऱ्याच जणांचं पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. स्वतः दोन वर्षांचा अंदाज देताना त्याला हे आठवलंच नव्हतं. त्यांच्या पुस्तकाला एकूण आठ वर्षं लागली.

म्हणून आता एडिटिंगचे दिवस धरताना आम्ही एडिटरचा अंदाज घेतो आणि त्याला दीडने गुणतो. दीड का? पाचही कामांतली पट काढली, लहानापासून मोठ्यापर्यंत लावली आणि मधली घेतली. सरासरी घेतली असती तर या एका फिल्मच्या तेवीस दिवसांनी ती उगाच वर ओढली असती. तेवीस दिवसांमागची कारणं आम्हाला माहीत आहेत आणि त्यांचा वेगळा बंदोबस्त केलेला आहे, त्यामुळे त्यांचे पैसे दोनदा धरायची गरज नव्हती. अर्थात पाच कामांवरून काढलेला आकडा तो. दहा कामं झाली की पुन्हा काढू.

हाच प्रश्न मान्यवरांच्या मुलाखतींना लावला तेव्हा पाचपैकी तीन कामांत कोणी ना कोणी तारीख बदललेली निघाली. तो अपघात नव्हता, ऋतुमानच होतं. त्यामुळे नव्या कोटेशनमध्ये ‘ग्राहकाकडून तारीख बदलल्यास जादा दिवसाचा दर’ अशी ओळ आली, रकमेसह. टेम्पो रुतण्याची घटना मात्र पाच कामांत एकदाच झालेली. तिच्यावर काहीच केलं नाही.

सगळ्यांत उपयोगी पडली ती गोष्ट आढाव्यानंतरची नाही, शूटच्या रात्रीची आहे. शूट संपल्यावर झोपण्याआधी मी आता अर्धा कागद भरते: आज किती तास झाले, ओव्हरटाइम किती, किती शॉट राहिले, किती फुटेज आलं, बजेटच्या किती पुढे गेलो. मोठ्या निर्मितीत याला हॉट कॉस्ट म्हणतात, म्हणजे अजून गरम असलेला खर्च. हॉलिवूडचा ‘हेवन्स गेट’ हा सिनेमा या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. सुमारे एक कोटी पंधरा लाख डॉलरचं बजेट, शेवटी खर्च चार कोटींच्याही पुढे. युनायटेड आर्टिस्ट्सचे तेव्हाचे एक प्रमुख अधिकारी स्टीव्हन बाख यांनी त्यावर पुढे एक आख्खं पुस्तक लिहिलं. पण शूटिंग सुरू होऊन सहा दिवस झाले तेव्हाच सिनेमा पाच दिवस मागे पडला होता, असं नोंदवलेलं आहे. माहिती तेव्हाच हातात होती. आमच्याही दुसऱ्या रात्री, पावणेएक वाजता, मी अर्धा कागद भरला असता तर तिसऱ्या दिवसाचे चार बिनमहत्त्वाचे शॉट तिथेच काटले असते.

पुढची फिल्म एका पाणी योजनेवर होती. रेकीला कॅमेरामन गेला, आणि नळाला पाणी सुटतं त्या वेळेलाच, पहाटे साडेचारला, लाइटच्या टेम्पोत बसून. येताना त्याने माझ्याशी तासभर अबोला धरला. संहितेच्या प्रत्येक पानावर सही घेतली. करारात ‘फेरी’ची व्याख्या घातली: संस्थेने नेमलेल्या एका व्यक्तीने, एका कागदावर, टाइमकोडसह दिलेल्या सगळ्या सूचना म्हणजे एक फेरी. ही अट वाचून संस्थेचे सचिव थोडे रुसले. मग पहिली यादी करायला बसले आणि त्यांच्याच दोन विश्वस्तांच्या सूचना एकमेकांना कापतात हे त्यांना आमच्याआधी दिसलं. एडिटिंगला पंधरा दिवस धरले होते, सोळा लागले. पाऊस या खेपेला भरपूर होता.

तरीही एकतीस हजार जास्त गेले. त्यातले चोवीस हजार एका जागी. एडिट करताना एडिटर तात्पुरतं म्हणून कुठलंतरी तयार संगीत लावतो, लय कळावी म्हणून. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. संस्थेने पहिल्या फेरीपासून फिल्म त्या संगीतासकट पाहिली आणि ते त्यांच्या कानात बसलं. आमच्या संगीतकाराने तीन चाली करून दिल्या, तिन्ही नापसंत. शेवटी त्याच तयार ट्रॅकचे हक्क विकत घ्यावे लागले, आणि संगीतकाराचे पैसे तर द्यायचेच होते. बजेटच्या कागदावर हा खर्च ‘संगीत’ या रकान्यात दिसतो.

बैठक शुक्रवारी आहे. बाकीच्यांची पानं अजून यायची आहेत, संगीतकाराचं आलं आहे. पुन्हा कराव्यात अशा गोष्टींची जागा त्याने कोरी ठेवली आहे. पुन्हा करू नये असं एकच वाक्य आहे, तेही प्रश्नाच्या रूपात: “ताई, मला बोलवायच्या आधी त्यांना तो ट्रॅक ऐकवला कुणी?”